बीपी लो आहे म्हणून पळणं बंद करायचं का?

पोलीस भरतीची तयारी करणारी २० वर्षांची मुलगी आणि सोबत तिची आई. तक्रार आईनेच सांगितली. "डॉक्टर, हिचं बीपी सारखं लो होतंय. काही महिन्यांपासून अशक्तपणा आहे, दोनदा सलाईन लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. परवा तर मैदानावर पळताना चक्कर येऊन पडली. पळणं बंद करू का सांगा." मुलीच्या हातात तीन चिठ्ठ्या होत्या. त्यावर ९०/६०, ८६/५४ आणि ८४/५० असे आकडे होते, आणि शेवटच्या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल काढला होता.

या प्रकरणातले ओळख पटण्याजोगे तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण तो लिहून ठेवण्यासारखा आहे. आईच्या त्या चार वाक्यांत तीन वेगळ्या तक्रारी होत्या: मशीनवरचा कमी आकडा, भोवळ येऊन पडणं आणि काही महिन्यांपासूनचा अशक्तपणा. घरच्यांनी त्यांची एकाच कारणात गाठ बांधली होती. बीपी लो, म्हणून अशक्तपणा, म्हणून चक्कर. तपासणीअंती तिन्हींची उत्तरं वेगवेगळी निघाली. ती कशी शोधली, ते क्रमाने सांगतो.

आधी तो आकडा

मुलीचं वजन ४६ किलो, उंची १५६ सेंटीमीटर. दंडाचा घेर मोजला तर २३ सेंटीमीटर. आमच्या टेबलावर असतो तो मोठ्यांचा नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. बारीक दंडावर तो बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून मुलीला पाच मिनिटं शांत झोपवून लहान पट्ट्याने मोजलं. बीपी ९४/५८ आलं, नाडी ६८. दोन मिनिटांनी पुन्हा मोजलं, ९६/५८. लाल गोलातल्या ८४/५० चा काही भाग पट्ट्यामुळे आला असावा.

पण ९४ हाही कमीच आकडा नाही का? पुस्तकात ९०/६० ही रेघ दिलेली असते आणि खालचा आकडा तर तिच्याही खाली आहे. मात्र ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे. तिच्याखाली गेलं की आजार सुरू, असा तिचा अर्थ नाही. सडपातळ तरुण मुलींमध्ये वरचा आकडा ९० ते १०० दरम्यान असणं मी रोज पाहतो. रक्तदाबाचं काम मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना पुरेसं रक्त पोचवणं हे आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या दाब थोडा कमीजास्त झाला तरी स्वतःचा व्यास बदलून प्रवाह सांभाळून घेतात. समोरच्या मुलीचे हात गरम होते, नखं दाबून सोडल्यावर लगेच रंग परतत होता, लघवी व्यवस्थित होत होती, बोलणं स्पष्ट होतं. तिच्या शरीराला ९४ पुरत होता.

आकडा निर्धोक आहे की नाही हे ठरवायला मला दुसरी माहिती जास्त मोलाची वाटते: तो तिचा नेहमीचाच आहे का? आईने पिशवी धुंडाळली आणि तीन वर्षांपूर्वीच्या कॉलेजच्या आरोग्य तपासणीचा कागद निघाला. त्यावर ९६/६० होतं. आईचंही बीपी मोजून पाहिलं, ते १०४/६६ भरलं. म्हणजे कमी दाब हा त्या घरातला साधा वारसा होता आणि तो मुलीसोबत आधीपासून होता. असा आयुष्यभराचा कमी दाब हृदय आणि मेंदूच्या दृष्टीने फायद्याचाच असतो. पुढे चाळिशी-पन्नाशीत पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका ज्यांना कमी असतो, त्यांत हे लोक येतात. त्यांना औषध लागत नाही आणि दर आठवड्याला बीपी मोजण्याचीही गरज नसते.

इथे एक फरक ठळकपणे लिहितो, कारण तो चुकला तर महागात पडतो. ज्याचं बीपी वर्षानुवर्षं ९५ आहे तो एक माणूस. ज्याचं ते १२० असायचं आणि गेल्या चार महिन्यांत ९५ वर आलंय, तो पूर्णपणे वेगळा. दुसऱ्याला सोडून चालत नाही. त्याच्या बाबतीत काय शोधायचं, ते पुढे येईल.

पडली म्हणजे नेमकी कधी पडली?

आई म्हणाली होती, "पळताना पडली." तरुण माणसाच्या भोवळीत हे दोन शब्द सगळ्यात भारी असतात. पळत असताना, जोर चालू असताना शुद्ध हरपली तर हृदयाचा आजार नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरावं लागतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार, झडप अरुंद असणं, हृदयाच्या धमनीची जन्मजात चुकीची मांडणी, ठोक्यांची लय अचानक बिघडवणारे विकार, हे सगळे ऐन जोरात असताना दगा देतात. पळणं संपवून थांबल्यावर माणूस पडला, तर मात्र बहुतेक वेळा गोष्ट निराळी निघते.

आई मैदानावर नव्हती. म्हणून तिच्यासोबत सराव करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावायला सांगितलं. भोवळीच्या तपासणीत सगळ्यात उपयोगी माहिती मशीन देत नाही, शेजारी उभा असलेला माणूस देतो, कारण पडणाऱ्याला मधलं काही आठवत नसतं. मैत्रिणीने नीट सांगितलं. "८०० मीटरची फेरी पूर्ण केली तिने. रेघ ओलांडली आणि तिथेच गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. मिनिटभराने म्हणाली, मळमळतंय, कानात गुंई होतंय. एकदम पांढरी फटक पडली, घाम फुटला आणि खाली बसता बसताच कलंडली. दोन-तीन झटके आले हाताला. सरांनी चप्पल हुंगवली. पण त्याआधीच तिने डोळे उघडले होते. उठल्यावर लगेच विचारलं, माझं टायमिंग काय आलं?"

या बोलण्यात जवळजवळ सगळं निदान होतं. पडली ती पळून थांबल्यावर. आधी इशारा मिळाला: मळमळ, कानात आवाज, घाम, पांढरेपणा. बेशुद्धी काही सेकंदांची. आणि शुद्धीवर आल्यावर डोकं लगेच ताळ्यावर, इतकं की टायमिंगची चौकशी.

झटक्यांमुळे अकॅडमीत कुणीतरी "फिट आली" असं म्हटलं होतं, आणि आई त्या शब्दाने जास्त घाबरली होती. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की साध्या भोवळीतही दोन-चार झटके येतात. फिटमध्ये झटके बरेच जास्त आणि लयीत येतात, बहुधा मिनिटभर चालतात, जिभेच्या कडेला चावा बसू शकतो, आणि मुख्य म्हणजे नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला, झोपाळलेला असतो. या मुलीत त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून मेंदूचा आलेख किंवा स्कॅन सांगितला नाही. साध्या भोवळीसाठी ते करून घेणं हा आपल्याकडे होणारा सगळ्यात व्यर्थ खर्च आहे.

आता पळून थांबल्यावर भोवळ का येते ते पाहू. आपण नुसते उभे राहिलो तरी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. पळताना पायांच्या स्नायूंत रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळून ते रक्त वर ढकलत असतात. रेघेपाशी गपकन थांबलं की हे ढकलणं बंद होतं, वाहिन्या मात्र उघड्याच राहतात. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. काही जणांत याच वेळी एक उलटी प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते: जिथे नाडी वाढायला हवी तिथे ती मंदावते, आणि आवळायच्या वाहिन्या सैल पडतात. दाब कोसळतो आणि माणूस पडतो. पडणं हाच त्यावरचा शरीराचा उपाय असतो, कारण आडवं होताच डोकं आणि हृदय एका पातळीत येतात आणि रक्त पोचतं.

तिच्या आधीच्या दोन भोवळींचं स्वरूपही हेच होतं. चौदाव्या वर्षी रक्त काढताना आली होती. गेल्या वर्षी नवरात्रात, उपवासाच्या दिवशी, देवीच्या रांगेत तीन तास उभं राहून आली होती. सुई, रक्त, वेदना, उकाडा, गर्दी, उपवास आणि हालचाल न करता उभं राहणं ही या भोवळीची ठरलेली निमित्तं. आयुष्यात एकदा तरी भोवळ आलेले लोक साधारण एक तृतीयांश निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना पहिली भोवळ शाळा-कॉलेजच्या वयातच येते.

एक प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तरुण वयातल्या प्रत्येक भोवळीत घराण्याचा इतिहास विचारायचाच असतो. "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? हार्टचा त्रास?" आईने मान हलवली, कुणी नाही. मग मी विचारलं, "कुणी पाण्यात बुडून, गाडी चालवताना एकट्याने धडकून, झोपेत?" आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझे धाकटे दीर विहिरीत गेले. सोळा वर्षं झाली. सत्तावीस वर्षांचे होते. पट्टीचे पोहणारे होते हो, सगळ्या गावच्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं. पायात गोळा आला असेल, असं म्हणतात."

पट्टीचा पोहणारा ओळखीच्या विहिरीत बुडतो, तेव्हा कधी कधी तो बुडण्याआधीच बेशुद्ध झालेला असतो. हृदयाच्या विद्युत यंत्रणेचे काही आनुवंशिक विकार असे आहेत की त्यांत हृदयाची रचना अगदी निकोप असते, पण जोर पडल्यावर, दचकल्यावर किंवा पाण्यात सूर मारल्यावर ठोक्यांची लय विस्कटते. लाँग क्यूटी हा त्यांतला जास्त परिचित, आणि त्याच्या एका प्रकारात पोहणं हे नामांकित निमित्त आहे. घरचे लोक असा मृत्यू "अपघात" म्हणून लक्षात ठेवतात. म्हणून हृदयविकाराबद्दल विचारलं की उत्तर नाही असं येतं. बुडणं, अकारण झालेला वाहन अपघात आणि झोपेतला मृत्यू यांची नावं घेऊनच विचारावं लागतं.

दिरांचं काय झालं होतं ते आता कळण्याचा मार्ग नाही. कदाचित खरोखर गोळाच आला असेल. पण या माहितीनंतर मुलीच्या साध्या वाटणाऱ्या भोवळीलाही पूर्ण तपासणी लागणार होती.

आधी स्टेथोस्कोप. मुलगी झोपलेली असताना हृदय ऐकलं, मग उभी करून पुन्हा ऐकलं. स्नायू जाड होण्याच्या आजारात हृदयाची कुरकुर उभं राहिल्यावर वाढते, म्हणून झोपवूनच ऐकलं तर ती निसटू शकते. कुरकुर नव्हती. मग ईसीजी. तो मशीनच्या छापील "नॉर्मल" वर न सोडता हाताने मोजला. क्यूटी, म्हणजे एका ठोक्याचा विद्युत संदेश उठून पुन्हा शांत होईपर्यंतचं अंतर, नाडीच्या गतीनुसार दुरुस्त करून ४१८ मिलिसेकंद भरलं, बायकांमध्ये ४६० पर्यंत ते सहसा ठीक धरतात. सुरुवातीला जादा विद्युत वाटेची खूण असणारी तिरकी चढण नव्हती, स्नायू जाड झाल्याच्या खुणा नव्हत्या. इको केला, तोही निकोप. इकोत या वयात नुसती झडपच पाहू नये, हृदयाच्या धमन्या महाधमनीतून जिथून निघायला हव्यात तिथूनच निघतात का, हेही बघायला सांगावं. आमच्या इको करणाऱ्या सहकाऱ्याने ते पाहून लिहिलं होतं.

पण सीपीव्हीटी नावाच्या एका विकारात शांत ईसीजी आणि इको, दोन्ही चांगले असतात. लय बिघडते ती धाप लागेल इतका जोर केल्यावरच. त्यासाठी ट्रेडमिल.

ट्रेडमिलवर काय दिसलं

चाचणी मी समोर उभा राहून करून घेतली. पट्टा जसा वेगवान आणि चढता झाला तशी नाडी वाढत १८४ पर्यंत गेली, बीपी १४२/६० झालं. जोर वाढताना बीपी वाढणं हे चांगलं लक्षण. ते वाढलं नसतं किंवा घसरलं असतं तर काळजी होती. पूर्ण वेळ एकही जादा ठोका आला नाही. लाँग क्यूटीची शंका असली की थांबल्यानंतरची चार-पाच मिनिटंही मोजायची असतात. नाडी उतरत असताना क्यूटी जेवढं लांबायला नको तेवढं लांबतं का, ते तिथे दिसतं. इथे ते लांबलं नाही.

पट्टा थांबवल्यावर तिला उभंच ठेवलं होतं. दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "सर, तसंच होतंय." चेहरा पांढरा पडत होता. बीपी ७८ वर आलं होतं आणि नाडी १५० वरून झपाट्याने ६४ वर उतरली होती. लय सरळच होती, फक्त मंद. लगेच आडवं केलं, पाय वर धरले. मिनिटभरात बीपी ९८. मैदानावर जे झालं ते तारांसकट आमच्यासमोर झालं होतं, आणि त्या वेळी हृदयाची लय निर्दोष होती. इतका स्पष्ट पुरावा दर वेळी मिळत नाही.

मग अशक्तपणा कुठून आला?

कमी दाब जन्माचा आणि तिन्ही भोवळी साध्या. यातल्या कशानेच हे स्पष्ट होत नव्हतं की चार-पाच महिन्यांपासून तिचा ८०० मीटरचा वेळ वाढत का चाललाय आणि होस्टेलचा जिना चढताना धाप का लागते. अशक्तपणा कमी बीपीच्या माथी मारला की त्याचं खरं कारण शोधायचं राहून जातं, आणि माझ्या मते तरुण मुलींच्या "लो बीपी"मध्ये होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिकट. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगी सज्ञान आहे, आणि काही प्रश्न तिला एकटीलाच विचारायचे असतात. पाळी किती दिवस येते? सात-आठ दिवस, गाठी पडतात, पहिले दोन दिवस रात्रीही पॅड बदलावं लागतं. शेवटची पाळी कधी? गर्भधारणेची शक्यता? तिने नाही सांगितलं, तरीही लघवीची चाचणी तिच्या संमतीने केली. प्रजननक्षम वयातली बाई भोवळ येऊन पडली की ही चाचणी करायचीच, कारण गर्भ नळीत राहून फुटला तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. चाचणी नकारात्मक आली. मग विचारलं, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का? ती ओशाळून हसली. पेन्सिलींचा डबाच होता तिच्याकडे.

हिमोग्लोबिन ९.२ आलं, बायकांमध्ये ते १२ च्या वर हवं. रक्तपेशींचा आकार लहान, ६८. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६, म्हणजे कोठार रिकामं. थायरॉइड, साखर, सोडियम, पोटॅशियम ठीक. हे दुर्मीळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्ताचं प्रमाण कमी आढळलं होतं.

सलाईनने "तेवढ्यापुरतं" बरं का वाटायचं, तेही आता जुळतं. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, ताकद देणारं काही नसतं. त्यातला मोठा भाग तासा-दोन तासांत रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो. तेवढा वेळ दाब थोडा चढतो, शिवाय माणूस तासभर आडवा पडलेला असतो, त्यानेही बरं वाटतंच. पण हिमोग्लोबिन त्याने तसूभरही वाढत नाही. उलट्या-जुलाबांत पाणी तोंडाने टिकत नसेल, रक्तस्राव असेल, डेंग्यूत गरज असेल, तिथे सलाईन जीव वाचवतं. चालत आलेल्या, पाणी पिऊ शकणाऱ्या मुलीला ते लावणं म्हणजे मीठ-पाणी शिरेतून देणं.

एक गोष्ट आणखी तपासली, कारण या वयात ती बरेचदा निसटते. पाच मिनिटं झोपवून मग दहा मिनिटं नुसतं उभं केलं आणि मधे मधे मोजलं. तीन मिनिटांनी बीपी ९२/६२, दहा मिनिटांनी ९०/६२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला असता तर ती वेगळी समस्या ठरली असती. नाडी ६८ वरून ९४ वर गेली. वाढ २६ ची झाली. बीपी न उतरता नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढली (१९ वर्षांपर्यंतच्या मुलांत ४०), आणि उभं राहिलं की धडधड, डोकं हलकं होणं हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर पॉट्स या विकाराचा विचार करतात. हिमोग्लोबिन कमी असतानाही नाडी जास्त वाढते, म्हणून ते निदान रक्त भरून आल्याशिवाय करायचं नसतं.

उपाय

लोहाची गोळी रोज एक, रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर. चहा गोळीपासून किमान दोन तास लांब, कारण तो लोह शोषू देत नाही. शौचाला काळं होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर मुली घाबरून गोळ्या सोडतात. जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ते थांबवलं नाही तर गोळ्या ओतत राहूनही कोठार भरत नाही.

भोवळीसाठी गोळी दिली नाही. शिकवलं ते असं. रेघ ओलांडल्यावर थांबायचं नाही, पाच मिनिटं चालत राहायचं. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी, आणि बीपी असं कमी असणाऱ्यांनी जेवणात मीठ राखून खाण्याचं कारण नाही. ताक, लिंबू सरबत, आमटी चालेल. सराव किंवा रांगेत उभं राहण्याआधी अर्धा लिटर पाणी सलग पिऊन टाकायचं, त्याने थोड्या वेळासाठी भोवळ टळायला मदत होते. मळमळ, कानात आवाज सुरू झाला की जागच्या जागी पाय एकमेकांवर आढी घालून मांड्या आणि नितंब आवळायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायची. त्याने रक्त वर ढकललं जातं. तरीही अंधारी वाढली तर लाज न बाळगता आडवं व्हायचं. पडलेल्या माणसाला बसवायचं नाही, उचलून उभं करायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जो वेळ जातो त्यात पाय वर धरावेत. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन.

काय असतं तर मी वेगळं वागलो असतो

ती पळता पळता, काही इशारा न मिळता कोसळली असती, आधी छातीत धडधड किंवा दुखणं झालं असतं, बसलेली किंवा झोपलेली असताना शुद्ध गेली असती, किंवा अलार्मच्या, फोनच्या आवाजाने दचकून पडली असती, तर तिला त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवून अहवाल येईपर्यंत मैदान बंद केलं असतं. ईसीजीत जरा जरी वेगळं दिसलं असतं तरी हेच.

ताप येऊन तीन-चार दिवस झालेले असते, ताप नुकताच उतरला असता, पोट दुखत असतं आणि बीपी ९०/७५ असतं, तर तिला घरी सोडलं नसतं. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना येतो. तिथे वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो, पण वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी होतं आणि हातपाय गार पडतात. नुसता वरचा आकडा पाहणारा तिथे फसतो.

आणि वर म्हटलेला तो दुसरा माणूस, ज्याचं बीपी अलीकडे उतरलंय. वजन घटतंय, भूक मेली आहे, मळमळ आहे, मीठ चाटावंसं वाटतं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्यात. त्याच्या रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त निघालं तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थकल्याची शंका घ्यायची आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासायचं. आपल्याकडे याचं एक कारण क्षयरोग आहे. अशा माणसाला सलाईन लावून घरी पाठवलं आणि पुढे त्याला साधा जुलाब झाला, तरी तो दगावू शकतो. मायग्रेन किंवा धडधडीसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू आहे का, हे विचारायलाही दोनच सेकंद लागतात.

पुढे

चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.९ झालं. पेन्सिल खाण्याची इच्छा त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यात गेली होती. लोह मिळू लागलं की ती लवकर जाते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४, पॉट्ससाठी उभं राहण्याची चाचणी पुन्हा केली तर नाडीची वाढ १६. ८०० मीटरचा वेळ तिने स्वतःच वहीत लिहून आणला होता आणि तो आजारपणाआधीच्या वेळेपेक्षा चांगला होता. एकदा उकाड्यात मळमळ सुरू झाली तेव्हा पाय आवळून आणि मग खाली बसून ती सावरली, पडली नाही. बीपी ९४/६०, तेच. आईने आकडा वाचला आणि विचारलं, "मग हे वाढणार नाही?" मी सांगितलं, नाही, आणि वाढवायचंही नाही. गोळ्या अजून तीन महिने चालू राहतील, कारण हिमोग्लोबिन आधी भरतं आणि कोठार नंतर.

राहिलं ते विहिरीतल्या दिरांच्या घरचं. आनुवंशिक विकार असलाच तर पुतणीपेक्षा त्यांच्या स्वतःच्या मुलाला तो असण्याची शक्यता जास्त, आणि तो मुलगा आज १७ वर्षांचा आहे, रोज त्याच विहिरीत पोहतो. ते लोक आधी यायला तयार नव्हते. पोराला काहीच त्रास नाही, मग कशाला तपासायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलीची आई स्वतः जाऊन त्यांना समजावून आली. त्याचा ईसीजी झाला आहे, तो चांगला आहे. ट्रेडमिल येत्या सोमवारी आहे, आणि तोपर्यंत पोहणं बंद ठेवायला सांगितलं आहे.